मेलच्या सब्जेक्टमध्ये माझाच जुना पासवर्ड! कुठून फुटला कसं बघायचं, आणि आधी कुठला बदलायचा?

तारकर्ली_होमस्टे
मंडळी नमस्कार. काल रात्री एक मेल आला, सब्जेक्टमध्येच माझा पासवर्ड लिहिलेला. आत इंग्रजीत लांबलचक पुराण, की तुझा कॉम्प्युटर आमच्या ताब्यात आहे, कॅमेऱ्यातून व्हिडिओ काढलाय, बिटकॉइन पाठव नाहीतर तुझ्या सगळ्या कॉन्टॅक्टना पाठवतो वगैरे. व्हिडिओच्या थापा आहेत हे मला पण कळतं, पण पासवर्ड खरा आहे ना राव, तिथेच पोटात गोळा आला. जुना आहे, पण आत्ताचा त्याच्यातूनच बनवलाय, मागे एक चिन्ह आणि एक आकडा लावून. आणि हाच जीमेलला, इन्स्टाच्या पेजला, बुकिंग पोर्टलला, लाईट बिलाला, रेल्वेच्या तिकिटाला, नेटबँकिंगचा तेवढा थोडा वेगळा आहे. [पासवर्ड कसा बनवलाय ते सांगणारी ओळ संपादकांनी काढली आहे.]
दोनच प्रश्न. हा फुटला कुठून ते बघता येतं का? आणि बदलायचे तर सुरुवात कुठून करू, कारण रिसेप्शनला पाहुणे उभे असतात आणि एका बैठकीत सगळं होणार नाही.

कुडाळचो_बाबल्या
अरे घाबरा नको, माका पण असलोच मेल इल्लो. तेच्यात लिवलेला की तुझो कॅमेरो आम्ही चालू केलो. माझ्या कॉम्प्युटराक कॅमेरोच नाय!! डिलीट मारलंय आणि झोपलंय.

आंबेवाले_काका_देवगड
बाबल्या, मेल डिलीट करून पासवर्ड थोडाच बदलतो. होमस्टेवाले, सरळ सांगतो, पैसे जिथे आहेत तिथून सुरुवात. आधी नेटबँकिंग, मग यूपीआयचा पिन, मग बाकीचं सावकाश. आणि haveibeenpwned.com नावाची साइट आहे, तिथे मेल आयडी टाका, हिरवं आलं तर तुम्ही सेफ, लाल आलं तर बदला. सोपं आहे, माझ्या मुलाने दाखवलं होतं.

खाडीपार
काका, साइट बरोबर सांगितलीत, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही हे जरा बघायला हवं, आणि बँक आधी या सल्ल्याशी मी सहमत नाही. त्यावर येते नंतर.

होमस्टेवाले दादा, आधी मेलचं. हा ठरावीक साच्यातला मेल आहे, 2018 पासून असे लाखोंनी फिरतायत. कुठल्यातरी जुन्या साइटचा डेटा फुटलेला असतो, त्यातून मेल आयडी आणि पासवर्ड जोडीने उचलायचे आणि यंत्राने मेल सोडायचे. कधीकधी तर मेल तुमच्याच आयडीवरून आल्यासारखा दिसतो, तेही खोटं असतं, पाठवणाऱ्याचं नाव हवं ते टाकता येतं. उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका. डिलीट मात्र लगेच करू नका, cybercrime.gov.in वर तक्रार टाकायची झाली तर लागेल.

आता कुठून फुटला ते. त्या साइटवर दोन वेगवेगळ्या गोष्टी बघता येतात आणि लोक त्या एकात एक करतात. एक म्हणजे मेल आयडी टाकून कुठकुठल्या फुटलेल्या डेटात तो सापडला त्याची यादी. त्या यादीत प्रत्येक साइटखाली Compromised data अशी ओळ असते, ती वाचायची. नुसतं Email addresses, Phone numbers असेल तर तिथून तुमचा पासवर्ड गेलेला नाही, स्पॅम तेवढा वाढेल. Passwords असं लिहिलेलं असेल तरच आपल्या कामाचं.
दुसरं म्हणजे haveibeenpwned.com/Passwords हे पान. तिथे मेल आयडीचा संबंधच नाही, नुसता पासवर्ड टाकायचा, तो आत्तापर्यंतच्या फुटलेल्या ढिगात कितीदा दिसला ते सांगतं. तो तुमचाच फुटला की त्याच पासवर्डच्या दुसऱ्या कोणाचा, ते कळत नाही. पण त्याने फरक पडत नाही, यादीत आला म्हणजे चोर तो पहिल्या फटक्यात वापरून बघणार.

दोन्ही बघा आणि इथे फक्त निकाल सांगा. पासवर्ड किंवा त्याचा नमुना परत लिहू नका, ती ओळ संपादकांना मीच काढायला सांगितली.

रत्नागिरी_एसटी
एक मिनिट. पासवर्ड फुटला का बघायला तो परक्या साइटवर टाईप करायचा? ही तर चोराला चावी दाखवून विचारण्यातली गत, की बाबा ही तुझ्याकडे आहे का. माफ करा ताई पण मी टाकणार नाही.

खाडीपार
शंका एकदम रास्त आहे आणि कुठल्याही दुसऱ्या साइटबद्दल मी पण हेच म्हटलं असतं. या पानावर पासवर्ड तुमच्या ब्राउझरच्या बाहेर जात नाही. ब्राउझर तिथल्या तिथे त्याचा एसएचए-१ हॅश काढतो, म्हणजे चाळीस अक्षरांची एक खिचडी बनते, आणि त्यातली फक्त पहिली पाच अक्षरं सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या हॅशची उरलेली शेपटं परत देतो, शेकड्यांनी असतात, आणि आपलं शेपूट त्यात आहे का ते ब्राउझर घरी बसून शोधतो. पाच अक्षरांचे दहा लाखांवर गट होतात, तुम्ही कुठल्या गटाबद्दल विचारलंत एवढंच सर्व्हरला कळतं, गटातला नेमका कोण ते नाही. 2018 मध्ये हे असं केलं, त्याच्या आधी मी पण कोणाला तिथे चालू पासवर्ड टाका म्हटलं नसतं.

तरीही विश्वास नसेल तर हाताने करून बघा, लिनक्सवर दोन ओळींचं काम आहे. 'password' हाच पासवर्ड उदाहरणाला घेते:

```
printf '%s' 'password' | sha1sum
curl -s https://api.pwnedpasswords.com/range/5BAA6 | grep 1E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8
```

पहिल्या ओळीतून 5baa61e4c9... असं येतं, त्यातली पाच अक्षरं दुसऱ्या ओळीत पत्त्याला लावली आणि उरलेली पस्तीस मोठ्या लिपीत grep ला दिली. शेपटापुढे कोलन आणि आकडा आला तर तेवढ्यांदा सापडला. काहीच आलं नाही तर यादीत नाही.
एक खड्डा सांगून ठेवते. printf च्या जागी नुसतं echo लिहिलंत तर पासवर्डाच्या शेवटी एक अदृश्य एंटर चिकटतो, हॅश पूर्ण वेगळा येतो आणि "सापडला नाही" असं खोटं समाधान मिळतं. म्हणून आधी 'password' वर करून बघा, 5baa6 आलं नाही तर कमांड चुकतेय. आणि खरा पासवर्ड असा टाईप केला की तो टर्मिनलच्या हिस्टरीत राहतो, तो नंतर पुसायचा.

रत्नागिरी_एसटी
केलं. echo ने c8fed वरून सुरू झालेलं आलं आणि printf ने 5baa6. बरं, पटलं. माझा स्वतःचा पण बघितला, सापडला नाही, बायकोचा सापडला, आता घरात विषय निघालाय 😀

सुरंगी
माझा पण प्रॉब्लेम सांगते, कोणीतरी बघा. आमचं कोकम आगळ आणि आंबोशीचं पेज होतं, ते गेल्या पावसाळ्यात कोणीतरी घेतलं. मी पासवर्ड लगेच बदलला होता!! तरी परत गेलं. परत बदलला, तिसऱ्या दिवशी ते माझ्या हातातून पूर्ण गेलं. म्हणजे पासवर्ड बदलून काहीच होत नाही असं माझं मत झालंय. पेज परत कसं मिळवायचं?

खाडीपार
सुरंगीताई, पेज परत मिळवण्याचा धागा वेगळा काढा, तिथे कोणी अनुभवी बोलेल. पण एक विचारते, त्या पेजच्या अकाउंटला जो मेल आयडी लावला होता, त्याचा पासवर्ड बदलला होतात का?

सुरंगी
नाही, मेलला कोणी काही केलं नव्हतं ना. मेलचा आणि पेजचा तेव्हा एकच होता.

खाडीपार
मग तुमच्याकडे काय झालं असणार ते माझ्या अंदाजाने असं. चोर मेलबॉक्समध्ये बसलेला. तुम्ही पेजचा पासवर्ड बदललात, त्याची सूचना मेलवर आली, म्हणजे त्यालाच कळवलंत. त्याने "पासवर्ड विसरलो" दाबलं, रिसेटची लिंक मेलवर आली, त्याने उघडली, नवीन पासवर्ड लावला आणि मेल उडवून टाकला. पक्कं मी सांगू शकत नाही, पण तीनदा असं होतं तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

काका, म्हणून मी बँक आधी म्हणत नाही. ज्या खात्यावर बाकीच्यांच्या रिसेट लिंक येतात ते आधी. इन्स्टा, पोर्टल, लाईट बिल सगळ्याची चावी मेलमध्ये आहे. मेल सुरक्षित व्हायच्या आधी बाकीचं बदलणं म्हणजे तेच काम दोनदा करणं.

आंबेवाले_काका_देवगड
मान्य आहे थोडंसं. पण बँकेत पैसे आहेत बाई, आणि मेलचं सगळं निस्तरेपर्यंत कोणी हात मारला तर?

खाडीपार
नेटबँकिंगला ओटीपी मोबाईलवर येतो, नुसत्या पासवर्डने पैसे हलवणं अवघड. यूपीआय तर पासवर्डवर चालतच नाही, सिम, फोन आणि पिन तिन्ही लागतं, आणि तो पिन शॉपिंग साइटच्या डेटात नसतो. पण पासवर्डमध्ये एखादं साल असेल आणि तेच चार आकडे पिन म्हणून लावले असतील तर तो मात्र आजच बदला. खात्यात अनोळखी व्यवहार आधीच दिसत असेल तर गोष्ट वेगळी, मग सगळं सोडून 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन आणि बँकेला फोन. तो नसेल तर मेल आधी, बँक लगेच त्याच्या मागोमाग, त्याच दिवशी.

तारकर्ली_होमस्टे
बघितलं. मेल आयडीवर तीन नावं आली. दोनात नुसतं मेल आणि फोन. तिसरी एक जुनी शॉपिंग साइट, नाव घेत नाही, तिथे Passwords लिहिलंय. कॉलेजात असताना शूज मागवले होते बहुतेक, नंतर कधी उघडली पण नाही. मग पासवर्डचं पान, जुना पासवर्ड टाकला तर सापडला, 14 वेळा. आत्ताचा, म्हणजे मागे चिन्ह आणि आकडा लावलेला, तो सापडला नाही.

आंबेवाले_काका_देवगड
मग सुटलात की! जीमेलला आत्ताचा आहे ना, तो यादीत नाही. जुना जिथे आहे तेवढेच बदला.

खाडीपार
काका नाही हो. जुना फुटलाय हे कळल्यावर शेवटी @1 किंवा !12 लावून बघणं हे त्या लोकांच्या प्रोग्रॅमचं पहिलंच काम आहे, मागे काय लावतात याच्या तयार याद्या असतात. आत्ताचा यादीत नाही याचा अर्थ आत्तापर्यंत सापडलेल्या आणि त्या साइटने मिळवलेल्या ढिगात नाही. लिंक्डइनचा डेटा 2012 मध्ये चोरीला गेला आणि सोळा कोटींवर खात्यांची पूर्ण यादी बाजारात आली 2016 मध्ये. मधली चार वर्षं ज्यांनी तपासलं त्यातल्या बहुतेकांना काहीच दिसलं नसतं. सापडला तर बदला हे शंभर टक्के, सापडला नाही तर ठीक आहे असं उलटं धरता येत नाही.

दादा, तारीख पण बघा. प्रत्येक नोंदीत डेटा कधी फुटला ते असतं. त्या वेळी तुम्ही तो पासवर्ड कुठकुठे वापरत होतात ते आठवा, तेवढी सगळी खाती यादीत घ्या, आणि त्याच्यावर बेतलेले नवे पण.

आता कामाला. हे सगळं कुठल्या यंत्रावरून करणार आहात?

तारकर्ली_होमस्टे
रिसेप्शनचा लॅपटॉप. त्याच्यावरच सगळं असतं.

खाडीपार
पाहुणे त्याला हात लावतात का?

तारकर्ली_होमस्टे
हो म्हणजे तिकिटाची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह लावतात, स्कुबाचे फोटो कॉपी करतात. आणि भाच्याने गेम आणि फोटोचं सॉफ्टवेअर टाकलंय, फुकटातलं.

खाडीपार
मग त्याच्यावरून एकही पासवर्ड बदलू नका. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत जी चोरटी प्रोग्रॅम येतात ती ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकी उचलून नेतात. तिथे बसून नवीन पासवर्ड टाईप केला तर तो पण गेला. तुमच्या केसमध्ये पासवर्ड जुन्या शॉपिंग साइटवरून गेलाय असंच दिसतंय, लॅपटॉपमध्ये काही असेलच असं नाही, पण खात्री नसताना सुरुवात तिथून नको. स्वतःचा फोन घ्या, ज्यावर बाहेरची एपीके टाकलेली नाही, आधी अपडेट करा. लॅपटॉप मोकळ्या वेळी पूर्ण फॉरमॅट.

रत्नागिरी_एसटी
फॉरमॅट जास्त होतंय. अँटीव्हायरसने स्कॅन करून चालेल की. होमस्टेचं सगळं बिलिंग असेल त्यावर.

खाडीपार
चालेलही कदाचित. मी माझ्या ऑफिसात तरी स्कॅनवर सोडत नाही, हे प्रोग्रॅम बऱ्याचदा काम उरकून स्वतःलाच पुसतात, मग स्कॅनला काय सापडणार. बिलिंगच्या फाइल काढून घ्या आणि मग ठरवा. ही लढाई तुम्ही दोघं वेगळी लढा.

दादा, जीमेलचा पासवर्ड बदलायच्या आधी एक गोष्ट बघा. गुगल अकाउंटमध्ये सिक्युरिटीत रिकव्हरी ईमेल आणि रिकव्हरी फोन कुठला आहे?

तारकर्ली_होमस्टे
फोन माझाच. ईमेल कॉलेजातलं जुनं एक खातं आहे. त्याचा पासवर्ड... तोच. पहिलावाला. तो 14 वेळावाला. आता लॉगिन होत नाहीये पण, चुकीचा पासवर्ड म्हणतंय.

खाडीपार
हे बघा, खरी गाठ इथे आहे. "मेल आधी बदला" हे अर्धंच झालं. तुमच्या जीमेलची चावी त्या जुन्या मेलकडे आहे आणि त्याचा पासवर्ड चव्हाट्यावर आहे. तुम्ही जीमेलला कितीही भारी पासवर्ड लावलात तरी त्या जुन्या खात्यात जो शिरेल तो तिथून कोड मागवू शकतो. लॉगिन होत नाही म्हणजे एक तर तुम्ही तेव्हा बदलून विसरलात, नाहीतर दुसऱ्या कोणी बदललाय. दोन्हीत ते खातं तुमच्या हातात नाही, एवढं पुरे.

तर तुमचा क्रम असा लागेल. फोनवरून गुगल अकाउंटमध्ये जा, जुना रिकव्हरी मेल काढा, त्या जागी घरातल्या कोणाचातरी चालू मेल घाला, ज्याचा पासवर्ड वेगळा आहे, वहिनींचा असेल तर उत्तम. मग जीमेलचा पासवर्ड बदला, पूर्ण नवा, जुन्याशी नातं नसलेला. मग जिथे जिथे लॉगिन आहे ती उपकरणं बघून अनोळखी सगळी बाहेर काढा. पासवर्ड बदलल्यावर गुगल बहुतेक ठिकाणी आपोआप बाहेर काढतं पण सगळंच उडालं असं धरू नका, डोळ्यांनी बघा. थर्ड पार्टी अ‍ॅपना दिलेली परवानगी पण तिथेच दिसते.
लक्षात ठेवा, रिकव्हरी मेल बदलला तरी गुगल जुन्या मेलवर कोड पाठवायचा पर्याय सात दिवसांपर्यंत ठेवू शकतं. खऱ्या मालकाला चोराने बाहेर काढलं तर परत यायला वाट राहावी म्हणून ते आहे, तुमच्या बाबतीत ते नेमकं उलटं पडतं. म्हणून आठवडाभर सिक्युरिटीच्या सूचना रोज बघा आणि जुनं खातं परत मिळवायचा प्रयत्न पण करा.

तारकर्ली_होमस्टे
रिकव्हरी बदलला, बायकोचा घातला. पासवर्ड बदलला. उपकरणांत एक फोन होता जो मी ओळखला नाही, भाच्याला विचारलं तर त्याचा जुना फोन, त्याच्यावर मीच लॉगिन करून दिलं होतं इन्स्टासाठी. काढला. आता बँक?

खाडीपार
अजून एक मिनिट मेलमध्येच थांबा, इथे बरेच जण घाई करतात. फॉरवर्डिंग आणि फिल्टर. कोणी आत येऊन गेला असेल तर तो एक फिल्टर लावून जातो, की बँकेकडून किंवा पोर्टलकडून आलेला मेल अमुक पत्त्यावर पाठव आणि इनबॉक्समधून उडव. पासवर्ड बदलला तरी फिल्टर जागेवर राहतो. हे जीमेलच्या फोन अ‍ॅपमध्ये दिसत नाही. फोनच्या क्रोममध्ये mail.google.com उघडून डेस्कटॉप साइट चालू करा, सेटिंग्जमध्ये Filters and Blocked Addresses आणि Forwarding and POP/IMAP ही दोन पानं बघा. अक्षरं मुंगीएवढी दिसतील, पण दिसतील. तिथे तुम्ही न केलेलं काही असेल तर आधी फोटो काढा, मग उडवा.

तारकर्ली_होमस्टे
फॉरवर्डिंग बंद आहे. फिल्टर एकच, तो मीच केलेला जाहिरातींसाठी.

खाडीपार
उत्तम. म्हणजे आत कोणी येऊन गेल्याची खूण तरी नाही. आता टू स्टेप लावा आणि मग बँक.

कुडाळचो_बाबल्या
टू स्टेप कसला लावतास, पावसात हय रेंज नसता, ओटीपी दुसऱ्या दिवशी येता. लॉगिन कधी करूचा?

खाडीपार
बाबल्यादादा, म्हणूनच एसएमएसवाला नको. ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्या, ते फोनच्या आतच दर तीस सेकंदाला कोड बनवतं, रेंज लागत नाही, नेट लागत नाही, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, हाताने पुढे मागे केलेली असली की कोड चुकीचा म्हणतं आणि माणूस वैतागतो. आणि गुगल दहा बॅकअप कोड देतं, आठ आठ आकड्यांचे, एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांबरोबर ठेवायचे. फोन खाडीत पडला तर तेच कामाला येतात, आणि तुमच्याकडे फोन खाडीत पडतात.

आंबेवाले_काका_देवगड
कागदावर! मग सगळे पासवर्डच डायरीत का नाही लिहायचे, मी तर तेच करतो, कपाटात कुलपात.

खाडीपार
काका, घरातल्या कपाटातली डायरी एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यापेक्षा कितीतरी बरी, खरंच. मी स्वतः पासवर्ड मॅनेजर वापरते, कारण वीस अक्षरांचं गिचमिड हाताने टाईप करायचा कंटाळा येतो. पण डायरी रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये असेल तर सगळं मुसळ केरात.

रत्नागिरी_एसटी
डायरीला माझा विरोध, घराला गळती लागली की कपाटातली वही पहिली भिजते. क्रोममध्ये सेव्ह करा, passwords.google.com वर एक तपासणी पण आहे, कुठले फुटलेत, कुठले परत परत वापरलेत ते सांगते.

खाडीपार
ती तपासणी कामाची आहे, दादांनी ती वापरूनच बाकीच्या खात्यांची यादी काढावी. जे क्रोममध्ये सेव्ह नाहीत त्यांच्यासाठी जीमेलमध्ये "welcome" आणि "verify" शोधा, विसरलेली खाती बाहेर येतात.

बँकेनंतर त्या यादीत क्रम असा लावा: ज्यातून पैसे तुमच्याकडे येतात किंवा तुमच्या नावाने गिऱ्हाइकाला मेसेज जाऊ शकतो ते आधी. म्हणजे बुकिंग पोर्टल, मग इन्स्टा. पोर्टलमध्ये पासवर्ड बदलून थांबू नका, पैसे जमा होतात तो बँक खाते क्रमांक तुमचाच आहे ना ते बघा, शेवटचे चार आकडे पासबुकाशी ताडून. चोराला पासवर्डपेक्षा तो क्रमांक बदलण्यात रस असतो, आणि सीझन संपेपर्यंत कोणी बघत नाही. लाईट बिल अगदी शेवटी, दुसऱ्याने येऊन तुमचं बिल भरलं तर आपण काय तक्रार करणार.

सुरंगी
😂 आमचं पण भरा म्हणावं

रत्नागिरी_एसटी
रेल्वेचं खातं बदलताना एक. गणपतीची बुकिंग साठ दिवस आधी सकाळी आठला उघडते, त्या दिवशी सकाळी पासवर्डशी खेळू नका. आदल्या रात्री पण नको. काही अडकलं तर कोकणकन्या गेली.

तारकर्ली_होमस्टे
हे मात्र खरं 🙏 बँकेचा झाला, टू स्टेप झाली, कोड लिहून ठेवले. पोर्टलमध्ये खाते क्रमांक माझाच आहे. पण पोर्टलला लॉगिन एकच आहे आणि तेच मी, बायको आणि दोन मुलं कामाला आहेत ती वापरतात. नवीन पासवर्ड त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का? पोरं सीझन संपला की जातात दुसरीकडे.

खाडीपार
पोर्टलमध्ये स्टाफसाठी वेगळं लॉगिन देता येतं का बघा, बऱ्याच ठिकाणी असतं, त्याला पेमेंटची पानं बंद ठेवता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, चॅटमध्ये कायमचा राहतो.

तारकर्ली_होमस्टे
आमच्यात नाहीये ते. हेल्पलाइनला विचारलं, "फीचर रिक्वेस्ट टाका" म्हणाले.

आंबेवाले_काका_देवगड
मग फोनवर तोंडी सांगा आणि मुलं गेली की बदला. दर तीन महिन्यांनी तसाही बदलायचाच असतो, बँक पण सांगते.

खाडीपार
मुलं गेली की बदला हे बरोबर. दर तीन महिन्यांनी उगाच बदला हे आता जाणकार सांगत नाहीत, अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने 2017 च्या नियमावलीतच ते काढलं, कारण तारखेने बदलायला लावलं की लोक मागचा आकडा एकने वाढवतात. दादांनी तेच केलं होतं. फुटल्याची खूण दिसली किंवा माणूस सोडून गेला, की बदला. बाकी एका लॉगिनवर चार जणांसाठी माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, कोणाकडे असेल तर सांगा.

गुहागरची_वैशाली
आम्ही रिसेप्शनच्या एकाच टॅबवर लॉगिन ठेवतो, पासवर्ड कोणालाच सांगत नाही, मुलांना फक्त टॅब. टॅबला पिन. पण टॅब चोरीला गेला तर काय हा प्रश्न आहेच.

तारकर्ली_होमस्टे
टॅबची आयडिया बरी आहे. जुन्या कॉलेजच्या मेलला रिकव्हरीची रिक्वेस्ट टाकलीय, तिथे विचारतायत खातं कुठल्या महिन्यात काढलं, कोणाला आठवतंय. लॅपटॉप उद्या दुपारी बंद करून भाच्याला बसवतो, बिलिंगच्या फाइल पेन ड्राइव्हवर घेतल्या तर त्याच्यासोबत काही येणार नाही ना?

रत्नागिरी_एसटी
एक्सेल आणि पीडीएफ घ्या, .exe असलेलं काही घेऊ नका. आणि नवा पेन ड्राइव्ह घ्या, पाहुण्यांनी विसरलेला नको.

कुडाळचो_बाबल्या
मी पण आता बगलंय. माझो मेल सात ठिकाणी सापडलो. ताई, माझ्या रिकव्हरीत माझ्या मेव्हण्याचो नंबर आसा आणि तो माझ्याशी बोलणा नाय. आता काय करू?